चिखल्या: लावणीच्या दिवसांतले पाय

काय असते? अलिबाग, पेण, मुरूडकडे जुलैत भातलावणी सुरू झाली की पाय दिवसभर चिखलात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पाणी शोषून पांढरी, मऊ पडते, सोलवटते. त्यावर बुरशी वाढली की खाज, चिरा आणि कुबट वास. सुरुवात बहुधा करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये, कारण तिथे हवा सर्वांत कमी लागते. पाणी तुंबलेल्या गल्ल्यांत काम करणाऱ्यांचेही हेच होते.

घरी आल्यावर: साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुवा. बेचक्या एकेक करून सुती फडक्याने टिपा, घासू नका. रात्रभर पाय उघडे, कोरडे ठेवा. ओल्या बेचक्यांत तेल लावल्यास ओल आतच राहते.

शेतात उतरताना: कातडी शाबूत असेल तर कोरड्या पायांना व्हॅसलिनचा पातळ थर लावावा. गमबूट उपयोगी, पण आत पाणी शिरले तर ते लगेच ओतून पाय पुसावेत.

मलम: १ टक्का क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, साधारण ४ आठवडे. खाज दोन-चार दिवसांत थांबते, बुरशी मात्र उरते. मलम तिथेच सोडले की चिखल्या परततात. स्टेरॉइड मिसळलेली मलमे टाळा: लाली उतरते, बुरशी पसरते.

लगेच दवाखाना: पाय सुजून लाल, गरम झाला किंवा पू आला तर, मधुमेह्यांनी साध्या चिरेसाठीही. चिखलात काम केल्यावर महिन्याभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे असू शकतात. त्याचे जंतू अशाच चिरांतून शिरतात. डॉक्टरांना शेतकामाचे आवर्जून सांगा.