डासांच्या लिक्विडची रिफिल: चित्रात मशीन, खोक्यात बाटल्या

डास पळवण्याच्या लिक्विडच्या जाहिरातीत बहुधा प्लगला लावलेलं मशीन आणि त्याला जोडलेली बाटली दिसते. त्यावरून अनेकांना वाटतं की खोक्यातही दोन्ही असणार. पण ‘रिफिल पॅक’ असेल तर नुसत्या बाटल्याच येतात. मशीनसह बाटली हवी असेल तर कॉम्बी पॅक घ्यावा लागतो. म्हणून माझ्या मते विक्रेत्याने ‘मशीन यात नाही’ हे पहिल्याच ओळीत, चित्राच्या शेजारीच लिहायला हवं.

रिफिल म्हणजे फक्त औषध, हाही एक गैरसमज. बाटलीत वातही असते आणि खरं काम तीच करते. ती लिक्विड वर ओढते, मशीनमधलं गरम कडं तिचं टोक तापवतं आणि औषध हवेत उडतं. वापरून वापरून वात चोंदते, म्हणूनच प्रत्येक बाटलीला नवी वात असते. रिकाम्या बाटलीत सुटं लिक्विड किंवा रॉकेल भरणं धोक्याचं आहे. गरम कड्याजवळ रॉकेल पेट घेऊ शकतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘किती रात्री चालेल’ यात होतो. समजा, 45 मिलिच्या बाटलीवर 60 रात्री लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात ‘रोज 8 तास, नॉर्मल मोड’. म्हणजे बाटली चालणार 480 तास. पण पावसाळ्यात आपण संध्याकाळी 6 ला मशीन लावतो ते सकाळी 6 ला काढतो. रोजचे 12 तास धरले तर त्याच बाटलीच्या 40 रात्रीच होतात. चार बाटल्यांचा पॅक एका खोलीला 240 ऐवजी 160 रात्री पुरेल, दोन खोल्यांत लावला तर 80. जादा मोडवर कडं जास्त तापतं आणि बाटली आणखी लवकर संपते. तेव्हा रात्रींपेक्षा तास लिहिणं जास्त प्रामाणिक, आणि ते कोणत्या मोडचे हेही सोबत हवं.

राहिला प्रश्न मशीनचा. बाटलीचे आटे बसले म्हणजे रिफिल जुळली, असं नाही. वातीचं टोक कड्याच्या बरोबर मध्ये, कुठेही न टेकता उभं राहायला हवं. ते खाली राहिलं तर औषध नीट उडत नाही. आठवडाभर रोज लावूनही बाटलीतली पातळी हलली नसेल, तर हेच झालंय का ते पाहावं. वात कड्याला घासत असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर मशीन लगेच बंद करावं. ‘सगळ्या मशीनला चालते’ या शब्दांवर विसंबू नये. माहितीत मशीनचं नाव आणि मॉडेल हवं, तेही आपल्या मशीनच्या मागे छापलेलं असतं तसंच.

विक्रेत्याला हे सगळं एवढ्यात लिहिता येतं: ‘45 मिलिच्या 4 बाटल्या, वातीसह. मशीन नाही. प्रत्येक बाटली नॉर्मल मोडवर 480 तास. फक्त अमुक मॉडेलसाठी.’