सारखीच चादर

घरकामगार आणि मजुरांवर शुक्रवारचा खुतबा असला की अबू जर यांची हकिगत बहुधा येतेच. मदिनेबाहेरच्या रबजा इथं एका माणसाला दिसलं, की अबू जर आणि त्यांचा गुलाम दोघांच्याही अंगावर सारखीच चादर आहे. कारण विचारल्यावर अबू जर यांनी आपलीच चूक सांगितली. त्यांनी एकाला आईवरून हिणवलं होतं. पैगंबर म्हणाले, तुझ्यात जाहिलियतचा, म्हणजे इस्लामपूर्व काळाचा, अंश अजून उरलाय. हाताखालची माणसं तुमचे भाऊ आहेत. जे खाता-नेसता तेच त्यांना द्या, झेपणार नाही असं काम सांगू नका, सांगितलंत तर स्वतः हात लावा.

हे बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. गुलामी त्यातून संपली नाही, हेही सांगायला हवं. पण शेवटची अट मला फार मोलाची वाटते, कारण ती मालकालाच कामाला लावते. दुसऱ्या एका हदीसमध्ये स्वयंपाक करणाऱ्याला शेजारी बसवा, निदान एक-दोन घास तरी द्या, असं आहे. चुलीची धग आणि धूर त्यानंच सोसलेला असतो. घरकामाच्या बाईंचा कप वेगळा ठेवणाऱ्या घराला हे थेट लागू होतं.