बिलाच्या काउंटरवरची गफलत

टोकियोतल्या इझाकायात, म्हणजे खाणं-पिणं दोन्ही मिळणाऱ्या साध्या हॉटेलात, बिल सहसा टेबलावर चुकतं करत नाहीत. उठून दाराजवळच्या काउंटरवर जायचं, तिथल्या छोट्या ट्रेमध्ये पैसे ठेवायचे. नमुन्यादाखल एक जोडी घेऊ. तो कामानिमित्त म्युनिकहून आलेला जर्मन इंजिनिअर, ती टोकियोतच लहानाची मोठी झालेली. दोघं पहिल्यांदाच एकत्र जेवायला आलेत. बिल होतं ५,८०० येन. ती पर्समधून पाकीट काढते. तो मोकळेपणाने म्हणतो, “म्हणजे प्रत्येकी २,९००.” ती हसते आणि पैसे ट्रेमध्ये ठेवते. बाहेर पडल्यावर दोघं दोन दिशांनी जातात. संध्याकाळ छान गेली, असं त्याला वाटत असतं. याला आपल्यात काही रस नाही, असं तिला वाटत असतं.

जर्मनीत बिल मागितलं की वेटरच विचारतो, एकत्र की वेगवेगळं? अर्धे-अर्धे पैसे देण्यात तिथे कुणाला काही खटकत नाही, उलट त्यात बरोबरीचा मान आहे. जपानमध्येही तरुण मंडळी बिल वाटून घेतातच. पण पहिल्या भेटीत पाकीट बाहेर काढणं ही बऱ्याचदा निव्वळ रीत असते. समोरच्याने “असू दे, असू दे” म्हणावं, तिने एकदा आग्रह करावा, मग त्याने निदान मोठा वाटा उचलावा. पैसे कोणी दिले याला तसं महत्त्व नाही. त्या दोन-तीन वाक्यांच्या देवघेवीतून आपुलकी किती आहे याचा अंदाज घ्यायचा असतो. त्याने ती देवघेवच होऊ दिली नाही.

त्याच रात्री तिचा मेसेज येतो. आज खूप मजा आली, धन्यवाद. तो खूश होतो. खरं तर असा मेसेज सभ्यतेचा भाग असतो, भेट कंटाळवाणी झाली तरी तो येतो. तो लगेच विचारतो, शनिवारी सिनेमाला जाऊ या? उत्तर येतं, “शनिवारी जरा...” आणि वाक्य तिथेच थांबतं. तो म्हणतो, मग रविवारी? “सध्या कामाची फार गडबड आहे. पुन्हा कधीतरी नक्की.” सरळ बोलणाऱ्या माणसाच्या हिशोबात याचा अर्थ एवढाच की दोन दिवस जमत नाहीयेत, तिसरा शोधू.

इथे एक साधी खूण आहे आणि तिच्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. नकार देताना समोरची व्यक्ती स्वतःहून दुसरा दिवस सुचवते का? “शनिवारी जमणार नाही, पण बुधवारी संध्याकाळी मोकळी आहे” हा नकार नव्हे. कारण मोघम आहे, पर्याय दिलेला नाही आणि वाक्य अर्ध्यावर सोडलंय, तर तो नकारच समजावा. मोघम कारण म्हणजे खोटेपणा, असा त्याचा समज होईल, पण तोही बरोबर नाही. लेस्ली बीब, टोमोको ताकाहाशी आणि रॉबिन उलिस-वेल्ट्झ यांनी १९९० मध्ये जपानी आणि अमेरिकन लोकांच्या नकार देण्याच्या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकन लोकांची कारणं नेमकी होती. कुठे जायचंय, केव्हा जायचंय, ते सांगणारी. जपानी लोकांची कारणं मोघम होती. एका बाजूला तपशील दिला की कारण खरं वाटतं. दुसऱ्या बाजूला तपशील दिला की वाद घालायला जागा मिळते आणि समोरच्याची पंचाईत होते, म्हणून तो टाळायचा.

मराठी वाचकाला हे समजायला जपानला जावं लागणार नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर “पत्रिका जुळत नाही” असा निरोप आला, तर कोणी शहाणा माणूस दुसऱ्या ज्योतिषाचा पत्ता विचारत नाही. मुलीचा मान राहावा, मुलाकडच्यांचाही राहावा आणि कुणी नापसंतीचा उच्चारही करू नये, यासाठी ग्रहांना मध्ये घातलेलं असतं.

मग सरळ बोलणाऱ्या माणसाला असा आडून दिलेला नकार खरोखरच कळत नाही का? याबाबत ब्रिटनमधल्या सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांचा १९९९ चा शोधनिबंध महत्त्वाचा आहे. बायकांनी नको असेल तर थेट “नाही” म्हणावं, नाहीतर पुरुषांना कळत नाही, असा एक सल्ला तेव्हा सर्रास दिला जात असे. या दोघींनी दाखवून दिलं की इंग्रजीत रोजच्या व्यवहारातही लोक क्वचितच नुसतं “नाही” म्हणतात. ते आधी थांबतात, चाचरतात, काहीतरी गोड बोलतात, कारण सांगतात, आणि ऐकणाऱ्याला तो नकार आहे हे पुरेपूर कळतं. चहाला बोलावल्यावर मित्र दोन सेकंद गप्प राहिला तरी जर्मन माणसालाही उत्तर समजतं. म्हणून तिच्या अर्धवट वाक्यानंतर तिसऱ्या, चौथ्या दिवसाचा पिच्छा पुरवणाऱ्याने संस्कृतीच्या फरकाची ढाल पुढे करू नये. शंका असेल तर एकदाच, सुटायला वाट ठेवून विचारावं. “तुला सवड झाली आणि वाटलं, तर तूच दिवस कळव.” एवढं म्हणून थांबावं. दिवस आला नाही, तर उत्तर मिळालेलं आहे.

आपल्या जोडीत मात्र दिवस येतो. पाकिटाचा गोंधळ तिने परदेशी माणूस म्हणून सोडून दिला असं धरू, आणि पुढच्या भेटी सुरू होतात. आता दुसऱ्या प्रकारचा गैरसमज डोकं वर काढतो. सूचना ज्याच्या लक्षात येत नाहीत तोच चुकतो, असं आपल्याला वाटतं. पण आडून बोलणाऱ्यालाही नसलेल्या सूचना ऐकू येतात, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

रात्रीचे साडेदहा झालेत. तो विचारतो, “तुझी शेवटची ट्रेन किती वाजता आहे?” टोकियोत मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात, टॅक्सी महाग पडते, म्हणून त्याने काळजीने विचारलंय. पण शेवटच्या ट्रेनचा विषय तिथल्या प्रेमप्रकरणांत इतका भारलेला आहे की ती विचारात पडते. याला आता भेट संपवायची आहे का? की आपण ट्रेन चुकवावी असं सुचवतोय? दोन्ही शक्यता नकोशा वाटून ती पटकन उठते. त्याला वाटतं, तिलाच जायची घाई झाली होती.

अशा गुंत्याचा एक जुना, सुबक पुरावा भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९८१ मध्ये मांडला. त्यांनी ग्रीक आणि अमेरिकन लोकांना नवरा-बायकोचा एक छोटा संवाद वाचायला दिला. बायको सांगते की अमक्याकडे पार्टी आहे, जायचं का? नवरा म्हणतो, चालेल. या “चालेल”चा अर्थ काय, हे लोकांनी ठरवायचं होतं. त्याला खरंच जायचंय, की बायकोने विचारलं म्हणजे तिला जायचं असणार, म्हणून तिच्या सुखासाठी तो हो म्हणतोय? जवळपास निम्म्या ग्रीकांनी दुसरा अर्थ निवडला, अमेरिकनांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी. म्हणजे सरळ बोलणाऱ्या समाजातही तिघांत एकाला आडचा अर्थ ऐकू येतो, आणि सूचक बोलणाऱ्यांतही निम्मे लोक शब्दशः ऐकतात. देशावरून माणसाचा अंदाज बांधताना ही सरमिसळ ध्यानात ठेवायला हवी.

आता या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उलटी गोष्ट. सगळं आडून बोलणाऱ्या जपानमध्ये नातं मात्र स्पष्ट शब्दांत सुरू होतं. याला कोकुहाकू म्हणतात. साधारण तिसऱ्या भेटीच्या आसपास दोघांपैकी एकाने समोरासमोर सांगायचं, मला तू आवडतेस, माझ्याबरोबर नात्यात राहशील का? होकार आला की त्या दिवसापासून दोघं अधिकृत जोडी. वाढदिवसासारखी ती तारीख लक्षात ठेवली जाते. ही पद्धत शाळकरी वयातच अंगवळणी पडते. जर्मनीत असा ठरलेला क्षण नाही. भेटी वाढतात, चुंबन होतं, मित्रांशी ओळख होते आणि एके दिवशी आपण जोडी आहोत हे दोघांनाही ठाऊक असतं, कुणी न विचारता.

त्यामुळे पाचव्या भेटीनंतर तिची घालमेल सुरू होते. या माणसाने तिला सिनेमा भिकार होता हे तोंडावर सांगितलं, तिच्या नव्या केशरचनेबद्दल जुनी बरी होती असंही सांगितलं. कशालाच आडपडदा न ठेवणारा माणूस नेमकं हेच बोलत नाही, म्हणजे त्याच्या मनात ते नसणारच. तो मात्र आईशी फोनवर बोलताना तिचा उल्लेख मैत्रीण म्हणून करूनही मोकळा झालेला असतो. रोखठोकपणा म्हणजे माणसाचा सगळीकडे सारखाच राहणारा स्वभाव, हा समज इथे मोडतो. कोणत्या जागी स्पष्ट बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, याची वाटणी प्रत्येक समाजाने वेगळी केलेली असते. जपानमधल्या डेटिंग अॅप्सकडे पाहिलं तरी हे दिसतं. २०१२ पासून चालू असलेल्या ‘पेअर्स’वर लग्नाचा इरादा कितपत आहे आणि पहिल्या भेटीचा खर्च कोणी करावा, हे प्रोफाइलमधल्या तयार पर्यायांतून निवडता येतं. तोंडाने जे विचारणं अवघड, ते रकान्यात भरायला कुणाला संकोच वाटत नाही.

हाच फरक पुढे आई-वडिलांच्या भेटीत आणखी महागात पडू शकतो. त्याचे आई-वडील जपान पाहायला येतात आणि तो सहज म्हणतो, रविवारी दुपारी कॉफी-केकला ये ना, ओळख होईल. जर्मनीत दोन-तीन महिन्यांच्या ओळखीवर असं बोलावणं सर्वसाधारण आहे. जपानमध्ये आई-वडिलांसमोर रीतसर उभं राहणं म्हणजे बहुतेक वेळा लग्न ठरल्याचं सांगायला जाणं. सूट घालायचा, हातात चांगल्या दुकानातला मिठाईचा खोका घ्यायचा आणि काय बोलायचं याची आधी तयारी करायची. ती म्हणते, “रविवारी जरा...”

आत्तापर्यंत तो या अर्धवट वाक्याचा अर्थ शिकलेला असतो, आणि नेमका त्यामुळेच आता धास्तावतो. तिला आपलं घर नकोय का? “तुला नक्की काय वाटतं ते सांग” असा हट्ट त्याने धरला, तर ती आणखी मिटून जाईल, कारण मनातलं उघडं करायला सांगणं हीच तिच्यासाठी सर्वांत अवघड मागणी. त्याऐवजी त्याने विचारावं, “तुमच्याकडे कुणाच्या आई-वडिलांना भेटायला गेलं, तर त्याचा लोक काय अर्थ काढतात?” हा प्रश्न रीतीबद्दल आहे, तिच्याबद्दल नाही. त्याचं उत्तर ती सविस्तर देऊ शकते, सूट आणि मिठाईच्या खोक्यासकट. ते ऐकल्यावर तो सांगू शकतो की त्याच्या घरी त्या भेटीचा अर्थ फक्त कॉफी आणि प्लमचा केक एवढाच आहे. मग रविवारी जायचं की नाही, हे तिला ठरवता येतं.