यादीतला ‘येणे बाकी’ रकाना

प्राप्तिकराचं रिटर्न भरण्यासाठी सीएकडे किंवा कर सल्लागाराकडे कागद पाठवताना बहुतेक जण हाताशी असेल ते पाठवून देतात. हाताशी नसलेल्या कागदांबद्दल मात्र कुणी चकार शब्द लिहीत नाही. सल्लागाराची खरी अडचण तिथेच होते. त्यानं दिलेल्या यादीत ‘म्युच्युअल फंड विक्रीचा तपशील’ या ओळीपुढे काहीच नसेल, तर त्यानं काय समजायचं? तुम्ही फंड विकलेच नाहीत, की विकलेत पण उतारा सापडत नाही? पहिलं असेल तर काम पुढे जातं, दुसरं असेल तर थांबावं लागतं. जुलैच्या गर्दीत प्रत्येकाला फोन करून विचारणं त्याला जमतंच असं नाही, आणि मग रिकाम्या जागेचा अर्थ ‘काही नाही’ असा धरला जातो.

म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शेरा हवाच: ‘पाठवला’, ‘लागू नाही’ किंवा ‘येणे बाकी’. यातला तिसरा शेरा सर्वांत मोलाचा. त्याच्यापुढे आणखी दोन गोष्टी लिहायच्या: कागद कुणाकडून यायचा आहे आणि तोवर कोणता आकडा माहीत आहे.

हे एका उदाहरणानं पाहू. समजा, पुण्यातल्या एका नोकरदार बाईंनी २०२४-२५ या आर्थिक वर्षात ऑक्टोबरमध्ये कंपनी बदलली. आधीच्या कंपनीतला सहा महिन्यांचा पगार ६ लाख रुपये, नव्या कंपनीतला ७ लाख ५० हजार. दोन्हीकडे नवी करप्रणाली. नव्या कंपनीनं फॉर्म १६ ईमेलवर पाठवला. जुन्या कंपनीचा आलाच नाही, कारण त्यांच्याकडे नोंदलेला ईमेल ऑफिसचाच होता आणि तो राजीनाम्यानंतर बंद झाला. बाईंनी हाताशी असलेला एक फॉर्म १६ सल्लागाराला पाठवला.

तो कागद अगदी निर्दोष दिसतो. साडेसात लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की ६ लाख ७५ हजार उरतात. त्या वर्षी नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट होती, त्यामुळे कर शून्य. आधीच्या पगाराची माहिती फॉर्म १२बी भरून नव्या कंपनीला दिली असती, तर त्यांनी दोन्ही पगार धरून कर कापला असता. ती दिली नव्हती.

जुन्या कंपनीनं मात्र वर्षभराचा पगार १२ लाख होईल असा अंदाज धरून सहा महिन्यांत ३५,७५० रुपये कापले होते. ते बाईंच्या पॅनवर जमा आहेत आणि फॉर्म २६एएसमध्ये दिसतात. सल्लागारानं एकाच फॉर्म १६ वरचा पगार धरला आणि २६एएसमधला सगळा टीडीएस घेतला, तर रिटर्नमध्ये ३५,७५० रुपयांचा परतावा दिसेल. प्रत्यक्षात दोन्ही पगार मिळून साडेतेरा लाख होतात. प्रमाणित वजावट वर्षात एकदाच मिळते, ती गेल्यावर १२ लाख ७५ हजार. त्यावर कर ९५ हजार, ४ टक्के उपकर धरून ९८,८००. कापलेले ३५,७५० वजा केले की ६३,०५० रुपये भरायचे निघतात. परतावा तर नाहीच, उलट एवढी रक्कम स्वतः भरायची. शिवाय आगाऊ कर भरला नाही म्हणून एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज. टीडीएस घेतला पण त्यामागचा पगार दाखवला नाही, ही तफावत प्राप्तिकर खात्याची संगणकीय तपासणी सहज पकडते. नोटीस बाईंना येते, सल्लागाराला नाही. रिटर्नमधल्या माहितीची कायदेशीर जबाबदारी करदात्याचीच असते.

यादीत ‘जुन्या कंपनीचा फॉर्म १६: येणे बाकी, पगार सुमारे ६ लाख, पगारपत्रकं सोबत’ एवढी ओळ असती, तरी हे टळलं असतं. फॉर्म १६ नसला म्हणून रिटर्न अडत नाही. सहा पगारपत्रकं, हिशेब पूर्ण केल्याचं कंपनीचं पत्र आणि २६एएस यांवरून सल्लागार पगाराचा आकडा बांधू शकतो.

आपल्याकडे काय नाही, हे कळायचं कसं? त्यासाठी दोन आधार आहेत. पहिला म्हणजे गेल्या वर्षीचं रिटर्न. त्यात ज्या बँकेचं व्याज होतं, ती ठेव यंदा आहे की मोडली, हे ओळीनं तपासायचं. दुसरा म्हणजे वार्षिक माहिती विवरण, ज्याला सगळे एआयएस म्हणतात. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं की ते उतरवून घेता येतं. बँका, कंपन्या, म्युच्युअल फंड यांनी तुमच्या पॅनवर जे जे कळवलं, ते त्यात असतं. पण ते एप्रिलमध्ये उतरवण्यात अर्थ नाही. जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या टीडीएसचं विवरण भरायची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ द्यायची १५ जून. जूनच्या उत्तरार्धात घेतलेलं एआयएस बरंच भरलेलं असतं. ते कोणत्या तारखेला उतरवलं, हे यादीत लिहावं, कारण नंतरही त्यात नोंदी वाढतात. पीडीएफला पासवर्ड असतो: पॅन लहान लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख, म्हणजे `abcde1234f15081988` अशा धाटणीचा. तो सोबत कळवला नाही, तर तेवढ्यासाठी एक दिवस जातो.

या बाईंच्या एआयएसमध्ये तीन गोष्टी निघाल्या. बँकेतल्या ठेवीवर ४८ हजार व्याज, त्यावर ४,८०० टीडीएस. बचत खात्याचं ६ हजार व्याज. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये इक्विटी फंडाची २ लाख १० हजारांची विक्री. ठेवीचा टीडीएस कापला गेला म्हणजे कराचा विषय संपला, असं पुष्कळांना वाटतं. बँक १० टक्के कापते. या बाई २० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. उरलेला कर त्यांनी भरायचा असतो.

फंडाच्या विक्रीकडे जरा थांबून पाहायला हवं. एआयएसमध्ये विक्रीची रक्कम भरवशाची असते, पण नफ्याचा हिशेब तिथून उचलू नये. तो फंडांच्या निबंधकाकडून, म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेककडून, भांडवली नफ्याच्या उताऱ्यात मिळतो, आणि पॅनवर नोंदलेल्या ईमेलवर मोफत मागवता येतो. या बाईंची एसआयपी चालू होती आणि त्यांनी सगळी युनिटं एकदम विकली. आधी घेतलेलं युनिट आधी विकलं, असा नियम आहे. पण सगळीच विकल्यावर शेवटच्या बारा महिन्यांतले हप्तेही त्यात येतात. उतारा आला तेव्हा दीर्घकालीन नफा ३८ हजार आणि अल्पकालीन ४ हजार निघाला. दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत, म्हणून त्यावर कर नाही. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के, म्हणजे ८०० रुपये आणि उपकर. रक्कम किरकोळ आहे. पण या ४ हजारांमुळे साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. फॉर्मच चुकला तर रिटर्न सदोष ठरू शकतं. म्हणून हा उतारा येईपर्यंत रिटर्न भरू नका, असं सल्लागाराला स्पष्ट कळवायला हवं.

एआयएसमध्ये नाही म्हणजे उत्पन्न नाही, असंही समजू नये. आपल्याकडे घरोघरी पतसंस्थेत ठेव असते आणि तिचं व्याज पुष्कळदा तिथे दिसत नाही. या बाईंनी वडिलांच्या आग्रहानं ठेवलेल्या पैशांवर वर्षाला ९ हजार मिळत होते. पासबुकाच्या पानाचा स्वच्छ स्कॅन पाठवला की काम झालं.

असं सगळं तपासल्यावर सोबतचं पत्र साधारण असं होतं:

“सोबत दहा फाइली आहेत, प्रत्येकीच्या नावात यादीतला क्रमांक आहे. एआयएस २० जूनला उतरवलं. येणे बाकी दोन. (१) जुन्या कंपनीचा फॉर्म १६: एचआरला ईमेल केला आहे, पगार अंदाजे ६ लाख, टीडीएस ३५,७५० (२६एएसप्रमाणे), पगारपत्रकं जोडली आहेत, ५ जुलैपर्यंत न आल्यास त्यावरून हिशेब करावा. (२) फंडाचा उतारा: मागवला आहे, विक्री २,१०,०००, तो आल्याशिवाय रिटर्न भरू नये. घरभाडं उत्पन्न, शेअर, परदेशी मालमत्ता: लागू नाही. जून २०२४ मध्ये बंद केलेलं एक बचत खातंही यादीत दिलं आहे.”

शेवटचं वाक्य अनेकांना अनावश्यक वाटेल. पण वर्षभरात केव्हाही चालू असलेली सगळी बँक खाती रिटर्नमध्ये द्यावी लागतात, फक्त निष्क्रिय खाती सोडून.

जुनी करप्रणाली घ्यायची असेल तर यादी लांबते आणि कागदांत अधिक काटेकोरपणा लागतो. गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला बँका वर्षाच्या मध्यावर हंगामी देतात. रिटर्नसाठी मार्चनंतरचा अंतिम हवा. कर्जात पती-पत्नी दोघं असतील तर हप्ता कुणाच्या खात्यातून जातो आणि घरात कुणाचा हिस्सा किती, हेही कळवावं. वर्षाचं घरभाडं १ लाखाच्या वर असेल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी कंपनी घरमालकाचा पॅन मागते. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून तर विमा पॉलिसीचा क्रमांक, आरोग्य विमा कंपनीचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक असे तपशील रिटर्नमध्येच भरावे लागतात. नुसती ‘८०सी मध्ये दीड लाख’ अशी ओळ आता पुरत नाही. नोकरदारांना दोन्ही प्रणालींची तुलना करून निवड करता येते, पण जुनी प्रणाली निवडायची तर रिटर्न मुदतीच्या आतच भरावं लागतं. म्हणून पावती सापडत नसली तरी तशी वजावट आहे, एवढं ‘येणे बाकी’ खाली लिहून ठेवावं; नाहीतर तुलना चुकते आणि मुदत गेली की दुरुस्तीचा मार्ग राहत नाही.

फोटोपेक्षा पीडीएफ पाठवा आणि सगळं एकाच ईमेलमध्ये किंवा एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नंतर आलेला कागद त्याच ईमेलच्या उत्तरात, त्याच क्रमांकानं पाठवा, म्हणजे कोणती प्रत शेवटची हा घोळ होत नाही.

सल्लागाराकडून उत्पन्न आणि कराचा हिशेब आला की आपली यादी शेजारी धरून वाचावा. पगाराच्या दोन ओळी आहेत का, व्याजाची बेरीज ६३ हजार आहे का, टीडीएस ४०,५५० घेतला आहे का, आणि ‘येणे बाकी’ची प्रत्येक ओळ मिटली आहे का, एवढं पाहायचं. उरलेला कर भरल्यावर चलनाची प्रत लगेच पाठवायची, कारण त्यावरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये जातो. ई-पडताळणीचा ओटीपी हिशेब वाचून झाल्यावरच द्यावा. रिटर्न दाखल केल्यापासून त्यासाठी ३० दिवस असतात. जुन्या कंपनीचा फॉर्म १६ ऑगस्टमध्ये हाती पडला आणि पगाराचा आकडा वेगळा निघाला, तर सुधारित रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होतं, आणि त्यात नेमकं काय बदलायचं ते त्या पत्रातल्या पहिल्या ओळीवरून लगेच कळलं असतं.