गेम विकत घेण्याआधी भाषेचा रकाना वाचा

सोलापुरातल्या एखाद्या घरात दहा वर्षांच्या मुलीसाठी गेम घ्यायचा आहे. मुलगी मराठी शाळेत शिकते, हिंदी सहज वाचते, इंग्रजी अक्षर ओळखते पण पडद्यावरून झरझर सरकणारी इंग्रजी वाक्यं तिला झेपत नाहीत. घरच्यांनी ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम निवडला, कारण तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने बनवला आहे आणि त्याची कथा आपल्याकडची आहे. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघते. एवढी माहिती कळली की बहुतेक जण पैसे भरून मोकळे होतात. गेम हिंदीत आहे का, आणि असलाच तर किती हिंदीत आहे, हे पाहायचं राहून जातं.

या गेमच्या बाबतीत तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे. राजीची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. मुलगी पडद्यावर उड्या मारत असते, भिंतींवर चढत असते, आणि त्याच वेळी मागून या दोघांचा संवाद चालू असतो. हात आणि डोळे गुंतलेले असताना खाली येणाऱ्या ओळी वाचायला दहा वर्षांच्या मुलीला सवड मिळत नाही. कानावर पडणारी भाषा कळत नसेल, तर तिच्या वाट्याला नुसत्या उड्या येतात, गोष्ट हातची जाते. 2020 मध्ये गेम बाजारात आला तेव्हा त्यात हिंदी आवाज नव्हते. ते आले 2022 च्या सुधारित आवृत्तीत. म्हणजे 2020 ची परीक्षणं वाचून कोणी ‘यात हिंदी नाही’ असं ठरवलं, तर आज ते चुकीचं ठरेल. म्हणून जुनं परीक्षण, यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ किंवा मित्राने सांगितलेली गोष्ट यांवर विसंबू नये. आज दुकानाच्या पानावर काय लिहिलंय, ते पाहावं.

संगणकावरचे गेम विकणारं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. तिथे प्रत्येक गेमच्या पानावर, चित्रं आणि वर्णनाच्या उजव्या बाजूला, भाषांचा एक छोटा तक्ता असतो. डावीकडे भाषांची नावं आणि पुढे तीन रकाने: `Interface`, `Full Audio` आणि `Subtitles`. पहिल्या रकान्यातली खूण म्हणजे मेनू, सेटिंग, सूचना आणि वस्तूंची नावं त्या भाषेत आहेत. दुसऱ्यातली खूण म्हणजे पात्रं त्या भाषेत बोलतात. तिसऱ्यातली खूण म्हणजे बोलणं त्या भाषेत लिहून दिसतं. नुसतं भाषेचं नाव यादीत दिसलं म्हणून भागत नाही, त्या नावापुढची कोणती खूण आहे आणि कोणती नाही, हे पाहायला हवं. राजीसारख्या गेममध्ये त्या मुलीसाठी मधली खूण सगळ्यात मोलाची. उलट संवाद कमी आणि आकडेमोड, बांधकाम, वस्तूंची देवाणघेवाण जास्त असेल तिथे पहिली खूण नसेल तर गेम खेळताच येणार नाही. एखाद्या गेममध्ये बोलणंच नसतं, म्हणून सबटायटलचा रकाना रिकामा असतो. तो दोष नव्हे. तेव्हा गेममध्ये काय करायचं असतं ते आधी कळलं पाहिजे, मग खुणा वाचायच्या.

भारतीय माणसाची इथे एक हमखास फसगत होते. तक्त्यात सुरुवातीला मोजक्याच भाषा दिसतात आणि खाली सगळ्या भाषा पाहण्यासाठी एक दुवा असतो. हिंदी बहुधा त्या दुव्यामागे दडलेली असते. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वगैरे पाहून माणूस ‘नाही दिसत’ म्हणून निघून जातो. दुसरी अडचण त्याहून खोल आहे. स्वतःची भाषा गेममध्ये नसेल तर स्टीम त्या पानावर तसा इशारा देतं, पण तो इशारा स्टीम ज्या भाषेत लावून ठेवलं आहे त्या भाषेपुरता असतो. स्टीमचं स्वतःचं रूप एकाही भारतीय भाषेत मिळत नाही. त्यामुळे सांगलीत किंवा मडगावात बसून इंग्रजीतलं स्टीम वापरणाऱ्याला ‘यात हिंदी नाही’ अशी सूचना कधीच मिळणार नाही. दुवा उघडून स्वतःच पाहावं लागतं.

खुणा कोण लावतं, हेही ठाऊक असावं. त्या गेम बनवणारा किंवा प्रकाशित करणारा स्वतः भरतो. बहुतेक जण प्रामाणिकपणे भरतात, तरी सुरुवातीचा मेनू तेवढा भाषांतरित करून पुढचं सगळं इंग्रजीत ठेवलेले गेमही असतात. अशा वेळी पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळाचा उपयोग होतो. तिथे गेमच्या पानावर भाषांचा वेगळा तक्ता असतो आणि तो खेळणारे लोक भरतात. एखादी भाषा चाहत्यांनी भाषांतर करून जोडली असेल तर तशी टीपही तिथे सापडते. दोन्ही तक्ते जुळले तर निर्धास्त व्हायला हरकत नाही. जुळले नाहीत तर त्या गेमचा मोफत डेमो आहे का ते शोधावं आणि त्यात भाषा बदलून पाहावी.

‘एज ऑफ एम्पायर्स 2: डेफिनिटिव्ह एडिशन’ हे उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे. 2019 मध्ये आलेल्या या आवृत्तीत मेनू आणि मजकूर हिंदीत लावता येतो. या खेळात प्रत्येक राज्याचे सैनिक आणि गावकरी आपापल्या भाषेत हुंकार देतात, आणि हिंदुस्थानी फौजेचे लोक हिंदीत बोलतात. झलक पाहताना ते कानावर पडलं की गेम हिंदीत असल्याचा समज होतो. पण ते बोलणं खेळाच्या रंगाचा भाग आहे. जगात कुठल्याही भाषेत खेळलात तरी ते सैनिक हिंदीतच बोलणार. पडद्यावरचा मजकूर हिंदीत हवा असेल तर तो वेगळा निवडावा लागतो. झलक म्हणजे पुरावा नव्हे, हे इथे नीट कळतं.

मोबाइलवर गोष्ट आणखी निसरडी आहे. गुगल प्लेवर फोन मराठीत असेल तर गेमचं वर्णन मराठीत दिसू शकतं, पण ते बऱ्याचदा यंत्राने केलेलं भाषांतर असतं. गेमच्या आत मराठीचा एक शब्दही नसतो. गेमला कोणत्या भाषा आहेत याचा स्पष्ट रकाना तिथे मिळत नाही, म्हणून स्क्रीनशॉट पाहणं हाच मार्ग उरतो. ॲपलच्या ॲप स्टोअरवर पानाच्या तळाशी माहितीच्या भागात भाषांची ओळ असते. मात्र तिथे मेनू, आवाज, सबटायटल असे वेगवेगळे रकाने नसतात.

स्क्रीनशॉट पाहण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो देवनागरी वाचणाऱ्यांनाच कळेल. भाषेचं नाव यादीत आहे, खूणही आहे, तरी मजकूर वाचता येत नाही, असं होऊ शकतं. ‘किल्ला’ हा शब्द घ्या. संगणक आधी ‘क’ साठवतो आणि मग पहिली वेलांटी, पण पडद्यावर ती वेलांटी ‘क’च्या डावीकडे दिसायला हवी. त्यानंतरच्या ‘ल्ला’मध्ये दोन ‘ल’ एकमेकांना जोडून यायला हवेत. ही मांडणी करणारा भाग गेममध्ये नसेल तर वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन पडते, जोडाक्षर सुटतं आणि मध्ये पाय मोडल्याची खूण दिसते. सरळ अक्षरांसाठी लिहिलेल्या साधनांत हे हमखास होतं. युनिटी या गेम बनवण्याच्या साधनात वर्षानुवर्षं वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो हा घटक देवनागरीची ही जुळणी स्वतःहून करत नाही, तर अनरियल आणि गोडो 4 यांत ती सोय आहे. ग्राहकाला हे आतलं काही माहीत असायची गरज नाही. हिंदी किंवा मराठी मजकुराचा एक स्क्रीनशॉट मोठा करून पाहावा. पहिली वेलांटी, जोडाक्षरं आणि मराठी असेल तर ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’, एवढं तपासलं की निकाल लागतो. तुटलेली वेलांटी एकदा दिसली की ती प्रत्येक वाक्यात दिसणार, हे गृहीत धरावं.

कन्सोलवाल्यांनी एक गोष्ट जास्तीची पाहावी. प्लेस्टेशनच्या दुकानात पानाच्या खालच्या भागात आवाजाच्या आणि पडद्यावरच्या भाषा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. एकच गेम पीएस4 आणि पीएस5 वर असेल तर दोन्हींची यादी वेगळी लिहिलेली असू शकते, म्हणून आपल्या यंत्राची ओळ वाचावी. डिस्क घेणाऱ्यांनी वेष्टणाच्या मागची भाषांची ओळ वाचावी, कारण परदेशातून आणलेल्या डिस्कवर वेगळ्याच प्रदेशाच्या भाषा असू शकतात. शिवाय भाषा नंतरच्या अपडेटमधून आली असेल, तर ती जुन्या डिस्कवर नसते, इंटरनेटवरून उतरवावी लागते. आणि गेममध्ये स्वतःचा भाषेचा पर्याय आहे का, हेही विचारावं. काही गेम यंत्राची भाषा पाहून आपली भाषा ठरवतात. निन्टेंडो स्विचच्या सेटिंगमध्ये हिंदी नाही, त्यामुळे असा गेम तिथे हिंदीत सुरू होण्याची वाटच बंद होते.

मराठीबद्दल सरळ सांगायचं तर संगणक आणि कन्सोलच्या विकतच्या गेममध्ये ती अगदी क्वचित सापडते. स्टीमवर गेमला लावता येणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी आहे, म्हणजे अडचण दुकानाची नाही, बनवणाऱ्यांनी ती भाषा घेतलेली नाही. सध्या मराठी घरातला खरा निर्णय बहुधा हिंदी आणि इंग्रजी यांच्यात करायचा असतो. पुण्यात, मुंबईत गेम बनवणारे छोटे स्टुडिओ आहेत आणि ते ग्राहकांचे ईमेल वाचतात. मराठी मेनू आणि सबटायटल हवे असतील तर गेम घेण्याआधी तसं लिहून विचारावं. मागणी किती आहे याचा त्यांनाही अंदाज येतो.

एवढं करूनही चूक झाली, तर वेळेची मर्यादा लक्षात ठेवावी. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत, आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. म्हणून गेम उघडल्यावर पहिलं काम भाषा बदलून पाहण्याचं, आणि मेनूवर न थांबता पहिल्या संवादापर्यंत जाऊन पाहण्याचं. प्लेस्टेशनच्या दुकानातही 14 दिवस मिळतात, पण गेम डाउनलोड करायला सुरुवात केली की परतीचा हक्क साधारणपणे संपतो. तिथे जे काही तपासायचं ते पैसे भरण्याआधीच तपासा.