वही की टॅब?

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. उत्तर हातानेच लिहायचं असतं. म्हणून ७३व्या घटनादुरुस्तीसारखा फारसा न बदलणारा विषय वहीत काढावा. हात सावकाश चालतो, त्यामुळे मजकूर जसाच्या तसा न उतरवता आपल्या शब्दांत आटोपावा लागतो. योजना, आकडे मात्र सतत बदलतात. ते टॅबवर ठेवले की खाडाखोड टळते आणि चटकन सापडतात.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं: ग्रामसभा, आरक्षण, वित्त आयोग, अकरावी अनुसूची. मग वही उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. पुढच्या खेपेला लिहून झाल्यावर आधी तेवढंच तपासायचं. नुसतं वाचताना सगळंच ओळखीचं वाटतं. कोरा कागद खरं काय ते सांगतो.