पथारीतला फोटो, घोड्याचं चित्र

नंदुरबारच्या पथारींवर वाळत घातलेली लाल मिरची आणि तिच्यात वाकलेली एक बाई, असा उंचावरून टिपलेला फोटो तुम्हाला आवडला. एआयकडून चित्र काढून घ्यायचं, तर तोच फोटो अपलोड करू नका. तसं केलं की मांडणीसकट नक्कल हाती येण्याची शक्यता जास्त. आधी तो का आवडला ते शोधा.

कॅमेरा उंचावर आहे, क्षितिज दिसत नाही. चौकटीचा बहुतेक भाग एकाच रंगाचा, माणूस कोपऱ्यात आणि लहान. सावली उंचीच्या दुप्पट, म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर. ऊन तिरकं, पोत उठून दिसणारा. भाव: अफाट पसाऱ्यातलं एकाकी काम.

आता मिरची आणि बाई दोन्ही काढून टाका, उरलेलं सारंगखेड्याच्या घोडेबाजारात न्या:

‘उंचावरून दिसणारं फिकट पिवळं, धुळीचं मैदान, क्षितिज नाही. खाली उजवीकडे एकच काळा घोडा आणि त्याला खरारा करणारा माणूस. डावीकडून सकाळचं तिरकं ऊन, लांब सावल्या. शांत, एकाकी.’

‘सुंदर’, ‘भावपूर्ण’ असले शब्द घालू नका, त्यांतून ऊन कुठून येतं ते कळत नाही. ‘मिरची नको’ असंही लिहू नका; पुष्कळदा नेमकी तीच उगवते. छायाचित्रकाराचं नावही नको.

शेवटी चित्र मूळ फोटोशेजारी ठेवा. पाहणाऱ्याने लगेच मूळ ओळखलं, तर घोडा हलवा, ऊन दुसऱ्या बाजूने आणा.